पाचवीतल्या मुलीसाठी स्वागताचं भाषण

प्रश्न: स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या स्वागतासाठी सोप्या शब्दांत छोटं भाषण द्याल का?

हे घ्या, सावकाश बोललं तरी अर्ध्या मिनिटात होतं:

"आदरणीय प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापिका बाई, शिक्षक, पालक आणि मित्रमैत्रिणींनो, नमस्कार! आज आमचं स्नेहसंमेलन आहे. आम्ही नाचाची, नाटकाची खूप तालीम केली आहे. ते बघायला तुम्ही वेळ काढून आलात, आम्हाला फार आनंद झाला. शाळेच्या वतीने मी सर्वांचं मनापासून स्वागत करते. आमचं काही चुकलं, तरी टाळ्या मात्र वाजवा!"

'अध्यक्षस्थान भूषवणारे' असल्या शब्दांवर मुलं हमखास अडखळतात, म्हणून ते गाळलेत. पाहुण्यांचं नाव घालायचं असेल तर त्याच दिवशी बाईंना विचारून घाला. पाहुणे ऐनवेळी बदलतात.