वाऱ्यात ड्रोन शूट: बॅटरी किती टक्क्यांवर परत फिरायचं?

प्रश्न: उद्या मोकळ्या माळावर ड्रोन शूट आहे, वारा असेल. बॅटरी किती उरली की परत बोलवू?

उत्तर: ५० टक्क्यांवर, आणि पहिली फेरी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला न्या. मी शूटसाठी ड्रोन उडवतो; ड्रोन गमावायची वेळ बहुतेकदा परतीच्या वाटेवर येते. हिशोब बघा. ड्रोनचा स्थिर हवेतला वेग सेकंदाला १२ मीटर आणि वारा ८ मीटर असेल, तर वाऱ्याबरोबर ६०० मीटर जायला ३० सेकंद लागतात. परतताना वेग उरतो फक्त ४ मीटर, म्हणजे १५० सेकंद, पाचपट! जाताना बॅटरी जेमतेम हलते, त्यामुळे फसायला होतं. त्यात ऑटो रिटर्न आधी ठरवलेल्या उंचीवर चढतो, आणि वर वारा जमिनीपेक्षा जोरात असतो. म्हणून रिटर्नची उंची झाडं-तारांच्या थोडी वर, उगाच जास्त नको. परतताना स्क्रीनवरचा वेग ३-४ मीटरवर आला तर लगेच खाली उतरून या, अर्थात खाली अडथळे नाहीत हे स्पॉटरला, म्हणजे ड्रोनवर नजर ठेवणाऱ्या साथीदाराला, विचारून.

स्पॉटरने स्क्रीनकडे बघायचंच नाही. नजर ड्रोनवर आणि आकाशावर. माणसं, पक्षी किंवा हेलिकॉप्टर दिसलं की "थांब" म्हणायचं, आणि तुम्ही वाद न घालता थांबायचं. हवाई हद्दीचा नकाशा आणि जागामालकाची परवानगी आजच बघून ठेवा.

मात्र ५० टक्के हा आकडा नव्या, कोमट बॅटरीसाठी आहे. थंडीत किंवा जुन्या बॅटरीवर आणखी आधी फिरा. वारा कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या जवळ असेल तर उडवूच नका.