भडंग सव्वा किलो, बिल चार किलोचं

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागेतून घरी केलेलं भडंग कुरिअरने पाठवते. पाच पाकिटांचा ३० × २५ × २० सेंमीचा खोका काट्यावर सव्वा किलो भरतो, म्हणून बुकिंगच्या ऑनलाइन पॅनलवर दीड किलो लिहिते. दर पहिल्या अर्ध्या किलोला ४० रुपये, पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ३५, वर १८ टक्के जीएसटी. कंपनीने ६२ पार्सलं चार किलोची धरली आणि फरकाचे १२,८०३ रुपये वॉलेटमधून परस्पर कापले. दाद मागता येईल का?

उत्तर : येईल, पण सगळ्या रकमेसाठी नाही. तुमच्या करारातलं दरपत्रक उघडा. प्रत्यक्ष वजन आणि व्हॉल्युमेट्रिक वजन यांपैकी जे जास्त, त्यावर आकारणी, असं कलम जवळपास प्रत्येक कुरिअर करारात असतं. व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणजे सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार भागिले ठरलेला भाजक. भाजक बहुधा ५००० असतो, काही ठिकाणी ४००० किंवा ४५००. तुमच्या करारातला कोणता, ते आधी पाहा.

५००० धरला तर तुमच्या खोक्याचे १५,००० भागिले ५०००, म्हणजे तीन किलो. दीड किलोचे जीएसटीसह १२९.८०, तीन किलोचे २५३.७० आणि चार किलोचे ३३६.३० रुपये होतात. दीड ते तीन किलोचा फरक तुम्ही कबूल केलेल्या कराराप्रमाणेच आहे. त्यावर भांडलात तर उरलेला मुद्दाही दुबळा होईल. वाद घालण्याजोगा आहे तो तीन ते चार किलोमधला फरक : पार्सलमागे ८२.६०, ६२ पार्सलांचे ५,१२१.२० रुपये.

चार किलो आले कुठून? भडंगाची हवाबंद पाकिटं कोंबली की खोक्याला पोट येतं, आणि मोजणारं यंत्र सर्वांत बाहेरचा बिंदू धरतं. प्रत्येक बाजू दोन सेंमीने वाढली की ३२ × २७ × २२, म्हणजे ३.८ किलो, आणि अर्ध्या किलोच्या स्लॅबमुळे सरळ चार. पार्सल खरंच फुगलेलं असेल तर कंपनीचं माप बरोबर ठरेल. म्हणून आधी कंपनीकडे प्रत्येक एडब्ल्यूबीचा, म्हणजे पार्सलवरच्या ट्रॅकिंग क्रमांकाचा, मोजणीचा फोटो आणि तिन्ही मापं मागा. ६२ पार्सलांना हुबेहूब एकच माप लावलेलं दिसलं, तर प्रत्येक पार्सल मोजलंच नाही, असं म्हणायला तुम्हाला भक्कम जागा आहे.

पॅनलवर वजनाच्या वादाला मुदत असते, अनेकदा सात दिवस. ती गेली असली तरी पॅनलची खिडकी बंद होते, कायद्याची नाही. कायदेशीर दाद मागण्याचा काळ आखडणारी अट करार कायद्याच्या कलम २८ खाली टिकत नाही. ईमेल आणि स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, पंधरा दिवस द्या. पॅनल मध्यस्थ कंपनीचं असेल तर तिला आणि कुरिअरला, दोघांनाही. नंतर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कारण तुम्ही राहता तिथे ती दाखल होते. मुदत दोन वर्षं, आणि तुम्ही दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही.

कंपनी हमखास म्हणेल की तुम्ही व्यापारी आहात, ग्राहक नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम २(७) स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करणाऱ्याला ग्राहक मानतं. हाताखाली एक-दोन मदतनीस असल्याने ते हुकत नाही. मात्र मोठं युनिट आणि पगारी माणसं असतील तर हा रस्ता अवघड. तक्रारीत 'सेवेतील त्रुटी' म्हणा. 'अन्यायकारक करार' म्हटलंत तर ते राज्य आयोगाचं काम, जिल्हा आयोग ऐकणार नाही. फोटो आणि स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा.

पुढच्या पार्सलांचे फोटो खोका बंद केल्यावर काढा : मोजायचा टेप तिन्ही बाजूंना लावलेला, काट्यावरचा आकडा आणि एडब्ल्यूबी एकाच चौकटीत. काट्यावर वैधमापन विभागाचा चालू शिक्का हवा. पाकिटांतली हवा कमी करून २६ × २० × १६ चा खोका जमला तर तो १.६६ किलो, म्हणजे दोनच्या स्लॅबमध्ये, १७१.१० रुपयांत बसतो. दोन सेंमी फुगला तरी २.२२, म्हणजे अडीचच्या पुढे जात नाही.

आणि ऑर्डरमागचा खर्च पॅनलवरच्या सुरुवातीच्या आकड्यावरून काढू नका. वजनाची कपात मागाहून येते. ती ज्या एडब्ल्यूबीची, त्याच ओळीत लिहा, सीओडी शुल्क आणि परतीचं भाडंही तिथेच. तीन किलोच्या दराने ५० पार्सलं गेली, पाच परत आली आणि परतीचा दर तोच धरला, तर ५५ फेऱ्यांचे १३,९५३.५० रुपये पोचलेल्या ४५ ऑर्डरींवर बसतात : प्रत्येकी ३१०. जीएसटी नोंदणी असेल तर त्यातला कर सहसा वजावटीत परत मिळतो, नसेल तर तो खर्चच. हाच तक्ता तक्रारीला परिशिष्ट म्हणून जोडता येईल.