उशिरा वाढदिवसाच्या शुभेच्छा देताना सॉरी कसं म्हणायचं?

मैत्रिणीचा बर्थडे होऊन चार दिवस झाले, आता मेसेज करताना उशिराबद्दल काय लिहू, की लिहूच नको?

लिहा, पण अर्ध्याच वाक्यात, आणि तेही शुभेच्छांच्या नंतर. सुरुवातच "सॉरी सॉरी, खूप बिझी होते गं" अशी केली की तिला आधी "अगं चालतं" म्हणत तुमचीच समजूत काढावी लागते आणि वाढदिवस राहतो बाजूला. कारण तर देऊच नका, कारण दिलं की ते पटतंय का याचा विचार सुरू होतो. मी असं लिहीन:

"वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! चार दिवस उशीर झाला, सॉरी गं. नवीन जॉबचं हे पहिलं वर्ष तुला मस्त जावो. कसा झाला बर्थडे, काय काय केलंस?"

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण ती मग उशिराला नाही तर त्याला उत्तर देते. तिने "चालतं गं" लिहिलं तरी परत सॉरी म्हणू नका, तिथेच विषय सोडा. फक्त ती त्या दिवशी तुमच्या फोनची वाट बघत असणार इतकी जवळची असेल तर मेसेजवर भागवू नका, फोन करा आणि "विसरले, चुकलं माझं" असं सरळ सांगा.