शंट आणि मल्टिप्लायर: दोन्ही रोधच, मग नावे दोन का?

प्रश्न: "अॅमीटरचा पल्ला वाढवायला लावतात तो शंट आणि व्होल्टमीटरचा वाढवायला लावतात तो मल्टिप्लायर. पल्ला तर दोघेही वाढवतात, मग नावे वेगळी का? मराठीत काय लिहावे?"

शंट म्हणजे बाजूला वळवणे. रेल्वेचे शंटिंग आपल्याला माहीत आहेच, डबे मुख्य रुळावरून बाजूच्या रुळावर नेणे. हे नाव रोधाच्या जागेवरून पडले आहे, तर मल्टिप्लायर हे त्याच्या परिणामावरून.

एक मीटर घेऊ: कॉइलचा रोध १०० ओहम, १ मिलिअँपिअरला काटा पूर्ण वळतो. म्हणजे त्यावर तेव्हा ०.१ व्होल्ट असतो. १० व्होल्ट मोजायचे तर पल्ला १०० पट हवा. म्हणून १०० ओहमच्या ९९ पट, ९,९०० ओहम एकसर जोडायचे. १ अँपिअर मोजायचा तर पल्ला १,००० पट हवा. इथे १०० ला ९९९ ने भागायचे, म्हणजे सुमारे ०.१००१ ओहम समांतर. दोन्हीकडे पटीतून एक वजा होतो. एकीकडे त्याने गुणायचे, दुसरीकडे भागायचे. शंटही पल्ला पटीत वाढवतो, पण त्याला मल्टिप्लायर म्हणत नाहीत.

प्रत्यक्षात घोटाळा शंटचाच होतो. ९,९०० ओहमच्या रोधात जोडणीचे ०.०२ ओहम वाढले तर कुणाला कळणारही नाही. शंटच्या ०.१ ओहममध्ये तेवढेच मिसळले तर मीटर जवळजवळ २० टक्के जास्त दाखवतो: अर्धा अँपिअर असताना काटा ०.६ वर. मीटरच्या तारा शंटवर न लावता मोठा प्रवाह आणणाऱ्या तारांच्या टोकांना लावल्या की हेच होते, कारण त्या तारांचा आणि स्क्रूखालच्या स्पर्शाचा रोधही मोजणीत येतो. स्क्रू आवळल्यावर वाचन खाली आले तर दोष तिथेच आहे. म्हणून चांगल्या शंटला चार टोके असतात: बाहेरची दोन मोठी प्रवाहासाठी, आतली दोन लहान मीटरसाठी.

शंट आधी घट्ट बसवावा आणि प्रवाह नंतर सुरू करावा. चालू प्रवाहात शंट सुटला तर सगळा प्रवाह कॉइलमधून जाऊ पाहतो आणि ती जळते. मल्टिप्लायर तुटला तर काटा फक्त शून्यावर राहतो. त्याचा धोका उलटा, तो शॉर्ट झाला तर १० व्होल्ट थेट कॉइलवर येतात, म्हणजे १०० मिलिअँपिअर.

लिहिताना "शंट" तसाच ठेवावा, "समांतर जोडलेला शंट रोध" म्हटले की अर्थ पुरा होतो. मल्टिप्लायरला मी "एकसर गुणक रोध" लिहीन. नुसते "गुणक" लिहिले तर वाचक गणिताकडे वळतो.