रात्री मांजर सिंककडे कान लावून बसते, तिला काय ऐकू येतं?

प्रश्न: आम्ही दादरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. रात्री सगळं शांत झालं की आमची मांजर सिंकखालच्या कपाटाकडे कान वळवून बसते. आम्हाला काहीच ऐकू येत नाही. तिला काय ऐकू येतं, आणि एकेक कान वेगळा कसा फिरतो?

उत्तर: बहुतेक उंदीर, नाहीतर एखादा चार्जर.

माणसाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आणि वय वाढलं की वरचे सूर आधी जातात. आवाज पुरेसा मोठा असेल तर मांजर साधारण ४८ पासून ८५,००० हर्ट्झपर्यंत ऐकते. उंदरांचं आपसातलं बरंचसं बोलणं २०,००० च्या वरच असतं, म्हणजे आपल्यासाठी ती निव्वळ शांतता. पण इतके बारीक सूर विटांच्या भिंतीतून आरपार येत नाहीत, फटीतून येतात. म्हणून मांजर कोऱ्या भिंतीपेक्षा सिंकखाली, जिथे पाइप डक्टमध्ये जातो त्या भोकाकडे बघत असते. भिंतीआडची कुरतड मात्र तिला ऐकू येऊ शकते.

कानाची बाहेरची पाळी हलवायला जवळपास तीस स्नायू असतात. त्यामुळे प्रत्येक कान स्वतंत्रपणे सुमारे १८० अंश फिरतो. एक कान पुढे नि दुसरा मागे असेल तर ती अजून शोधतेय. दोन्ही कान एकाच जागी रोखले की जागा सापडली. मग डोकं वळवलं तरी कान बऱ्यापैकी त्याच जागेवर राहतात. कान आडवे पाडून डोक्याला चिकटवले असतील तर ते ऐकणं नव्हे, भीती किंवा राग.

याचाच उपयोग करा. मांजर ओट्यापाशी असताना कान कुठे रोखलेत ते पाहा, मग ती दाराजवळ बसलेली असताना पुन्हा पाहा. दोन्ही दिशा जिथे छेदतात तिथे आवाजाचं मूळ. आता घरातला मेन स्विच दहा मिनिटं बंद करा. कान सैल पडले, तर फ्रिज, पाण्याचा फिल्टर किंवा चार्जर. एकेक प्लग काढून बघा. मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका, बहुतेक फोन २४,००० हर्ट्झच्या वरचं टिपतच नाहीत.

वीज गेल्यावरही कान तिथेच राहिले, तर टॉर्च घेऊन भोकाभोवती लेंड्या आणि कुरतडल्याच्या खुणा शोधा. भोकात तारेची जाळी कोंबून वर सिमेंट लावा. नुसता एम-सील उंदीर कुरतडतो. विष ठेवू नका, विष खाल्लेला उंदीर खाल्ला तर मांजरालाही बाधतो. आणि उंदीर पळवणारं ते प्लगमध्ये लावायचं अल्ट्रासॉनिक यंत्र तर आणूच नका. त्याचा सूर उंदरांना ऐकू येतो तसा मांजरालाही येतो, आणि उंदीर काही दिवसांत त्याला सरावतात.