जिन्कोने स्मरणशक्ती वाढते का?

प्रश्न: आईला विसरायला होतं. जिन्को झाडाच्या पानांच्या अर्काच्या गोळ्या मेंदूचा रक्तप्रवाह वाढवतात म्हणे. सुरू करू का?

स्मरणशक्तीसाठी नको. जिन्कोतली फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं रक्तवाहिन्या सैल करतात आणि त्यातलंच जिन्कोलाइड-बी हे द्रव्य प्लेटलेट्सना, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणांना, एकमेकांना चिकटायला लावणारा एक संकेत अडवतं, अशी मांडणी आहे. पण प्रयोगशाळेत त्यासाठी जेवढं जिन्कोलाइड लागतं, त्याच्या जवळपासही गोळीतून रक्तात पोचत नाही. शिवाय प्रवाह थोडा वाढला म्हणून मेंदूतल्या मरणाऱ्या पेशी वाचत नाहीत.

अमेरिकेत पंचाहत्तरीपुढच्या ३,०६९ जणांना रोज दोनदा १२० मिलिग्रॅम जिन्को किंवा नकली गोळी दिली, सुमारे सहा वर्षं. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, जिन्को गटात २७७ जणांना झाला, नकली गोळीच्या गटात २४६ जणांना. हा फरक योगायोगाचा असू शकतो, पण फायदा नक्कीच दिसत नाही.

आई अ‍ॅस्पिरिन किंवा वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध घेत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. रक्तस्रावाच्या तुरळक नोंदी आहेत. विसरण्याचं कारण मात्र तपासून घ्या, थायरॉइड आणि बी-१२ आधी.