गणेशोत्सवाचं प्रायोजकपत्र: आधी आकडा, मग इतिहास

मंडळाचा इतिहास दोन ओळींत उरक, दुकानदार आधी आकडा बघतो. टप्पे तीनच ठेव. समजा, २५ हजारांत रंगमंचामागच्या फलकावर नाव आणि एका संध्याकाळी आरतीचा मान, १० हजारांत कार्यक्रमपत्रिकेत जाहिरात, ३ हजारांत आभाराच्या फलकावर नाव. वरच्या टप्प्यात एका धंद्याचा एकच प्रायोजक घे आणि तसं पत्रातच लिही. दोन सराफ एका फलकावर आले की दोघंही रुसतात! कमानीवरच्या जाहिरातीचा शब्द मात्र महापालिकेची परवानगी हातात आल्याशिवाय देऊ नकोस. चेक मंडळाच्या नावानेच घे, पावती तिथेच फाड. ८०जी नोंदणी नसेल तर करसवलतीचं नावही काढू नकोस. पत्रं आषाढातच वाट. श्रावणात गल्ल्यासमोर वर्गणीवाल्यांची रांग लागते.